दाट लस्सीचा जमाखर्च

संस्कृत वैद्यकांत घुसळलेल्या दह्याला एकच नांव नाहीं. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत त्याचे पांच प्रकार सांगितले आहेत, आणि ते ओळखण्याची खूण त्यानें रंगावर किंवा चवीवर न बसवितां मुख्यतः पाण्यावर बसविली आहे. सायीसकट दहीं पाण्याचा थेंबहि न घालतां घुसळलें तर तें घोल. साय काढून, पण पाण्यावांचूनच घुसळलें तर मथित. चौथाई पाणी घातलें तर तक्र, निम्में घातलें तर उदश्वित्, आणि स्निग्धांश काढून घेऊन पुष्कळ पाणी घातलेलें व नितळ झालेलें तें छच्छिका. पांच नांवें लक्षांत राहिलीं नाहींत तरी चालेल. त्यांच्या मागें असलेली दृष्टि मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दहीं तेंच, रवी तीच. पाणी किती, ह्या एका प्रश्नाच्या उत्तरानें पदार्थ बदलतो.

आज घरोघर जिला आपण लस्सी म्हणतों, तिचें माहेर पंजाब. तेथील शेतकऱ्याच्या घरीं सकाळीं लोणी काढून झाल्यावर जें पातळ ताक उरतें, त्यालाहि लस्सीच म्हणतात. अमृतसरच्या बाजारांत उंच पेल्यांतून मिळणारी, वर सायीची जाड चकती ठेवलेली गोड लस्सी ही वेगळी. म्हणजे एकाच नांवाखालीं छच्छिका आणि घोल हे दोन्ही टोकाचे प्रकार नांदतात. आपल्या घरीं पाहुणे आले असतां जी आंब्याची लस्सी करावयाची असते, ती दुसऱ्या प्रकारची, म्हणजे घोलाच्या जातीची. पण ती बहुधा फसते. पेल्यांत ओततांना दाट दिसते आणि पांच मिनिटांत ताकासारखी होते. अशा वेळीं दहीं कमी पडलें असें समजून पुढच्या खेपेस दहीं वाढविण्यांत येतें, तरी परिणाम तोच. कारण दहीं कमी पडलेलें नसतें. पाणी अधिक आलेलें असतें, आणि तें कोणीं तांब्यानें ओतलेलें नसल्यामुळें त्याचा हिशेब कोणीच ठेविलेला नसतो.

हें न मोजलेलें पाणी दह्यांतून सुटतें, फळांतून येतें आणि सर्वांत अधिक बर्फांतून येतें. त्याचा जमाखर्च नीट मांडला, तर लस्सी दाट करण्यासाठीं क्रीम, पीठ किंवा आइसक्रीम ह्यांपैकीं कशाचीहि गरज पडत नाहीं.

बर्फापासून आरंभ करूं, कारण मोठी चूक तेथें होते. बर्फाचा खडा लस्सीला थंड करतो तो वितळून; न वितळतां तो फारसें कांहीं करीत नाहीं. एक ग्रॅम बर्फ वितळतांना सुमारें ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो, आणि झालेलें पाणी पुढें कोमट होतांना आणखी थोडी घेतें. ही झाली शास्त्राची गोष्ट. आतां आठ माणसांच्या लस्सीचें उदाहरण घेऊं. एक किलो दहीं, ४०० ग्रॅम आंब्याचा रस व १०० ग्रॅम साखर मिळून दीड किलो ऐवज झाला. हें सर्व मे महिन्याच्या दुपारीं स्वयंपाकघरांत ३० अंश उष्णतेवर होतें असें समजा. त्याला पिण्याजोगें गार, म्हणजे ६ अंशांवर आणावयाचें तर २४ अंश उष्णता काढली पाहिजे. हिशेब केला तर ह्या कामीं जवळ जवळ साडेतीनशें ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे एक किलो दह्यांत साडेतीनशें ग्रॅम पाणी नकळत मिसळलें. भावमिश्राच्या मापानें पाहिलें, तर चौथाई पाण्याची मर्यादा गांठली. नांवानें लस्सी राहिली, पण शास्त्रानें तिचें तक्र झालें. आणि त्या पाण्यानें गोडी मंदावली म्हणून आणखी साखर घातली जाते, ती वेगळीच.

आतां तेंच दहीं व तोच रस आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्यें ठेवून ८ अंशांपर्यंत गार केलेला असेल, तर पुढचे दोन-तीन अंश उतरविण्यास चाळीस-पन्नास ग्रॅम बर्फ पुरतो. साडेतीनशें कोठें आणि पन्नास कोठें! म्हणून पहिला नियम असा कीं, जिन्नस आधीं गार करावेत. लस्सी झाल्यावर ती गार करूं नये. साखर मोजण्यापूर्वीं, आंबा चिरण्यापूर्वीं, भांडें व पेले काढण्यापूर्वींहि ही व्यवस्था झाली पाहिजे. तापलेल्या मांडणीवरून उतरविलेला जाड पितळी पेलाहि थोडासा बर्फ खातो.

उरलेला पन्नास ग्रॅम बर्फहि टाळण्याची एक सोपी युक्ति आहे. रसांतला चौथा हिस्सा, वरील उदाहरणांत १०० ग्रॅम, बर्फाच्या साच्यांत घालून गोठवावा आणि लस्सी करतांना ते खडे बर्फाच्या ऐवजीं वापरावेत. आंब्याच्या रसांतहि पाणी बरेंच असल्यामुळें तो वितळतांना बर्फाइतकी नसली तरी पुष्कळ उष्णता ओढून घेतो, आणि वितळून होतें तें आंब्याचा रसच, पाणी नव्हे. एवढ्या रसानें फ्रीजमधून काढलेली आठ माणसांची लस्सी दांत शिवशिवण्याइतकी गार होते. मात्र हीच युक्ति दह्यावर करूं नये. दहीं गोठलें कीं त्याची घडण मोडते. वितळल्यावर पाणी वेगळें व कण वेगळे होतात, आणि लस्सी जिभेला रवाळ लागते.

ज्या घरीं फ्रीज नाहीं, किंवा ज्या गांवीं वीज ऐन दुपारीं जाते, त्यांनीं बर्फ भांड्याच्या आंत न घालतां बाहेर घालावा. एका परातींत किंवा घमेल्यांत बर्फ फोडून त्यावर मूठभर जाडें मीठ टाकावें व दह्याचें आणि रसाचें भांडें त्यांत बसवून वर ओलें फडकें झांकावें. मिठामुळें वितळणाऱ्या बर्फाची उष्णता शून्याच्याहि खालीं जाते आणि अर्ध्या तासांत दहीं चांगलें गार होतें. ही कुल्फीवाल्याचीच रीति आहे. भांडें निम्म्यापेक्षां अधिक बुडवूं नये, नाहींतर खारें पाणी कांठावरून आंत शिरतें. ह्या रीतींत आणखी एक लाभ आहे. बाजारांतील बर्फाच्या लाद्या कोठल्या पाण्याच्या असतात हें आपणांस ठाऊक नसतें, आणि गोठल्यानें पाण्यांतले सर्व रोगजंतु मरत नाहींत. असा बर्फ भांड्याबाहेर राहिला तर त्याचें थंडपण मिळतें व पाणी पोटांत जात नाहीं.

आतां दह्याकडे वळूं. दहीं म्हणजे दुधांतील प्रथिनांचें एक बारीक जाळें, आणि त्या जाळ्यांत अडकून राहिलेलें पाणी. जाळें दाट व मऊ असेल तर पाणी धरून राहतें. जाळें आखडलें किंवा फाटलें तर पाणी सुटतें. त्या सुटलेल्या पाण्यास आपण निवळी म्हणतों. लस्सीसाठीं दहीं लावतांना दूध नुसतें उकळून उतरवूं नये. उकळी आल्यावर मंद आंचेवर ढवळीत पंधरा-वीस मिनिटें ठेवून त्याचा आठवा हिस्सा आटवावा. ह्यांत दोन गोष्टी साधतात. पाणी कमी होतें ही उघड गोष्ट झाली. दुसरी अशी कीं, त्या उष्णतेनें दुधांतील जीं प्रथिनें एरवीं निवळीबरोबर वाहून गेलीं असतीं, तीं जाळ्याला चिकटतात व पाणी धरण्यास मदत करितात. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षां पुष्कळ अधिक असल्यामुळें त्याचें दहीं अधिक दाट लागतें. गाईचें दूध असल्यास थोडें अधिक आटवावें. एक किलो दह्यास सव्वा लिटर दूध घ्यावें.

दूध कोमट झाल्यावर, म्हणजे करंगळी बुडवून दहा अंक मोजेपर्यंत सुखानें ठेवतां येईल इतकें उतरल्यावर, लिटरला एक लहान चमचा ताजें विरजण त्यांत नीट मोडून मिसळावें. फार गरम दुधांत विरजण घातलें तर विरजणांतले जीव मरतात आणि दहीं लागतच नाहीं. विरजण अधिक घातलें तर दहीं लवकर लागतें, पण आंबट व पाणीदार होतें. एकदां विरजल्यावर भांडें हलवूं नये. उन्हाळ्यांत पांच-सहा तासांत दहीं लागतें. लागलें कीं आंबटपणा वाढण्यापूर्वींच तें गार जागीं न्यावें. रात्रभर ओट्यावर राहिलेलें दहीं लस्सीला कामाचें नाहीं, तें कढीला ठेवावें. आंबटपणा वाढतो तसतसें जाळें आखडतें व निवळी सुटते, आणि मग एका चुकीचें दोन चुकांत रूपांतर होतें: लस्सी पातळ होते आणि आंबट झाली म्हणून साखर दुप्पट पडते. मातीच्या भांड्यांत लावलेलें दहीं अधिक घट्ट कां होतें, ह्याचें कारणहि पाण्यांतच आहे. भांड्याच्या अंगांतून थोडें पाणी झिरपून उडून जातें आणि उडतांना दहीं गारहि करतें.

लस्सीच्या दह्यांतून थोडी निवळी आधींच काढून घ्यावी, हा दुसरा नियम. श्रीखंडासाठीं आपण दहीं रात्रभर टांगतों आणि त्याचा चक्का करितों. तेवढें येथें नको. पातळ पंचा दुहेरी करून चाळणीवर पसरावा, दहीं त्यावर घालावें, चाळणी पातेल्यावर ठेवून पाऊण ते एक तास गार जागीं राहूं द्यावी. एक किलो दह्यांतून दीडशें ग्रॅम निवळी, म्हणजे लहान वाटीभर, निघाली कीं पुरे. दह्याची जात पाहून वेळ कमी-अधिक होईल. म्हणून घड्याळाकडे न पाहतां खालच्या पातेल्यांतल्या वाटीकडे पाहावें. ही निवळी फेंकूं नये. लस्सी फार घट्ट झाली तर ती सैल करण्यास पाणी न घालतां हीच चमच्या चमच्यानें परत द्यावी. तिला दह्याचीच चव असल्यामुळें लस्सी पानचट होत नाहीं. उरली तर कणीक भिजविण्यास किंवा आमटींत कामास येते.

दीडशें ग्रॅम काढण्याचें प्रयोजन काय? साखर दह्यांत पडली कीं दहीं सैल होतें, हें श्रीखंड करणाऱ्या प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचें आहे. टिचटिचीत घट्ट चक्का साखर मिसळतांच ढिला पडतो. लस्सींतहि तेंच घडतें. शिवाय घुसळण्यानें जाळें मोडतें व दहीं आणखी पातळ होतें. काढलेली निवळी ही ह्या दोन तुटींची आगाऊ भरपाई होय. आपल्याकडचें पीयूष ज्यांनीं केलें आहे त्यांना हें सहज पटेल. तेथें आपण श्रीखंड ताकानें सैल करितों, म्हणजे आधीं सर्व पाणी काढून मग मोजून परत घालतों. दाट लस्सी ही त्याच वाटेवरची अर्ध्या अंतरावरची पायरी आहे.

फळाच्या बाबतींत आंबा हा राजाच. केवळ चवीसाठीं नव्हे, तर त्याचा गर दाट असून दह्याला सांभाळून घेतो म्हणून. हापूसचा गर घट्ट असतो, तेव्हां लस्सीला तो उत्तम. पायरी अधिक रसाळ. तिचा रस आमरसाला गोड, परंतु लस्सींत घालावयाचा तर तो चाळणींत थोडा वेळ ठेवून किंवा मंद आंचेवर किंचित् आटवून घ्यावा. रेषा असलेला आंबा असेल तर गर पुरणयंत्रांतून किंवा चाळणींतून काढावा. देंठाजवळचा चीक व साल गरांत येऊं देऊं नये. लस्सी घशाशीं खवखवते किंवा कडवट लागते ती पुष्कळदां ह्यामुळेंच. प्रमाण दोन भाग निथळलेल्या दह्यास एक भाग गर, ह्याच्या आसपास ठेवावें. गर ह्याहून वाढविला तर दह्याचा आंबट-गोडपणा लोपतो व लस्सीऐवजीं आमरस प्याल्यासारखें वाटतें. कमी केला तर फळ नुसतें रंगापुरतें राहतें.

इतर फळांचें वळण ह्याच कसोटीवर ओळखावें. सीताफळाचा गर आपल्या दाटपणामुळें चालतो. केळें दाटपणा देतें, पण चिरल्यावर काळें पडतें, म्हणून आयत्या वेळीं घालावें. कलिंगड, द्राक्षें, संत्रें हीं पाण्याचीं फळें. त्यांची दाट लस्सी होत नाहीं, आणि व्हावी असा हट्टहि धरूं नये. अननस आणि पपई ह्यांची गोष्ट निराळी आहे. कच्च्या अननसांत प्रथिनें तोडणारें एक द्रव्य असतें, तें दह्याचें जाळेंच तोडतें. लस्सी प्रथम पातळ व थोड्याच वेळांत कडू होते. पपईच्या चिकांतहि तसेंच द्रव्य आहे, आणि तें कच्च्या फळांत विशेष असतें. अननस घालावयाचाच असेल तर त्याचे तुकडे साखरेंत चांगले शिजवून, गार करून घालावेत. उष्णतेनें तें द्रव्य निकामी होतें.

दह्याच्या जागीं दूध घेऊन केलेल्या पेयास हल्लीं मिल्कशेक म्हणतात. त्याची रीति ह्याहून वेगळी असण्याचें कारण एवढेंच कीं, दुधांत जाळें बांधलेलें नसतें. त्यामुळें त्यांतला दाटपणा एक तर फळाच्या गराचा, नाहीं तर गोठलेल्या पदार्थाचा. वितळला कीं संपला. म्हणून तेथें दूध आटवून गार करणें आणि फळ गोठवून घालणें ह्यांवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय आंबट फळानें दूध फुटतें. दुधाशीं आंबट पदार्थ विरुद्ध, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. वैद्यकाचा विचार बाजूस ठेविला तरी पेल्यांत कणी धरलेली दिसते, हें प्रत्येकास पाहतां येतें. चिकू हें आंबटपणा फारसा नसलेलें फळ, तें दुधाला द्यावें. ज्यांत किंचित् आंबटपणा आहे असा आंबा किंवा स्ट्रॉबेरी दह्याला द्यावी. दहीं स्वतःच आंबट व आधींच लागलेलें असल्यामुळें त्याला फळाचें भय नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति, आठ माणसांची. आदल्या दिवशीं सायंकाळीं दहीं लावून रात्रीं निजण्यापूर्वीं तें फ्रीजमध्यें ठेवावें. हापूसचा ४०० ग्रॅम गर काढून त्यांतला १०० ग्रॅम साच्यांत गोठवावा व बाकीचा गार करावा. दुसऱ्या दिवशीं देण्याच्या तासभर आधीं दहीं पंचावर घालून वाटीभर निवळी काढावी. चाळणी फ्रीजमध्येंच राहूं द्यावी. साखर १०० ग्रॅम, पण ती दाणेदार न घेतां दळलेली घ्यावी. गार पदार्थांत दाणेदार साखर लवकर विरघळत नाहीं. ती तळाशीं बसते, वरची लस्सी अळणी लागते, म्हणून आणखी साखर पडते, आणि शेवटच्या घोटांत सगळी गोडी एकदम येते. आंबा फार गोड असेल तर साखर पाऊणपट करावी. थंडपणानें जिभेला गोडी कमी जाणवते, हें लक्षांत ठेवून गार झालेल्या गराचीच चव पाहावी.

प्रथम गार गर, गोठलेले खडे, साखर, चिमूटभर मीठ व चार वेलदोड्यांची पूड हीं एकत्र करून मिक्सरमध्यें अगदीं गुळगुळीत होईपर्यंत फिरवावीं. हें कितीहि फिरविलें तरी हानि नाहीं. दहीं सर्वांत शेवटीं घालावें आणि मिक्सर थांबत थांबत तीन-चार वेळांच, प्रत्येक वेळीं क्षणभर फिरवावा. पुष्कळांच्या घरीं उलट होतें. सगळें एकदम भांड्यांत घालून मिनिट-दोन मिनिटें यंत्र चालवितात. त्या वेगानें दह्याचें जाळें असें फाटतें कीं मग तें पुरतें सांधत नाहीं. रवीनें करावयाची असेल तर दहीं वेगळ्या पातेल्यांत घेऊन हलक्या हातानें पन्नास-साठ फेरे द्यावेत व मग गर मिसळून आणखी दहा. रवीच्या लस्सींत हवा शिरून वर फेंस येतो, ती पिण्यास हलकी लागते. पण दहीं कोमट असेल आणि रवी फार वेळ चालली तर साय एकवटून लोण्याचे कण तरंगूं लागतात. तेथें थांबावयास उशीर झाला असें समजावें. दहीं गार असेल तर हें भय पुष्कळ कमी होतें.

झाली कीं नाहीं हें ओळखण्याची खूण अशी. पळीनें लस्सी उचलून वरून सोडावी. तिची धार फितीसारखी पडून पृष्ठभागावर क्षणभर तशीच उमटून राहिली आणि मग हळूच विरली, तर घोलाची दाटी साधली. धार पडतांच नाहींशी झाली तर पाणी अधिक झालें. त्या वेळीं वर दहीं ओतून उपयोग नाहीं, दोन चमचे चक्का किंवा घट्ट साय हातानें मिसळावी, यंत्र पुन्हां चालवूं नये. पळीवरून पडलीच नाहीं तर बाजूला ठेवलेली निवळी चमच्यानें द्यावी. दुसरी परीक्षा वेळाची. एक पेला भरून दहा मिनिटें ठेवावा. त्यांत पाण्याचा थर वेगळा दिसूं लागला तर दहीं आंबट होतें किंवा फार घुसळलें गेलें. थर नसून नुसतीच पातळ झाली तर तो बर्फाचा दोष.

ही दहा मिनिटांची परीक्षा एकत्र कुटुंबाला विशेष महत्त्वाची आहे. अशा घरीं आठ पेले एका वेळीं कधींच प्यायले जात नाहींत. प्रथम वडील मंडळी व पाहुणे, मग शाळेंतून आलेलीं मुलें, मग कचेरींतून येणारे, आणि सर्वांच्या शेवटीं, मागचें आवरून झाल्यावर, जिनें ती केली ती. ज्या लस्सींत बर्फाचे खडे घातलेले असतात ती ह्या क्रमानें दर घटकेस पातळ होत जाते. पहिल्या पेल्याची वाखाणणी होते आणि करणारीच्या हातीं साखरेच्या पाण्यांत पांढुरके कण तरंगत असलेला पेला येतो. ती तो पिऊन टाकते, आणि आपली लस्सी नेहमीं अशीच होते असें तिला वाटत राहतें. वास्तविक पाहतां तिनें केलेली लस्सी तिनें कधीं प्यालेलीच नसते.

म्हणून ज्या घरीं माणसें मागें-पुढें येणार, तेथें लस्सीच्या भांड्यांत बर्फ मुळींच टाकूं नये. गोठलेल्या रसावर केलेली लस्सी झांकून फ्रीजमध्यें किंवा बर्फाच्या परातींत ठेवावी. तीन-चार तास ती तशीच राहते, आणि देतांना पळीनें एकदां खालवर केलें कीं पुरे. कोणास अधिक गार हवी असेल तर त्यानें आपल्या पेल्यांत आपला खडा टाकावा. इतरांच्या वांट्याचें दहीं त्यानें पातळ करूं नये. रात्रीं उरली तर दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं नये, कारण दहीं आपलें काम थंडींतहि हळूहळू चालूं ठेवतें आणि सकाळीं आंबट होतें. पण आठ पेल्यांच्या प्रमाणांत नऊ माणसें बसवूं नयेत. नववें माणूस मोजूनच दहीं लावावें. तें नववें माणूस बहुधा स्वयंपाकघरांतच उभें असतें.